‘बघू की’ या उत्तराबद्दल

‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मी लहानपणी वडिलांकडून शिकलो. सहलीला जाऊ का, सायकल घेऊ का, सगळ्याला ‘बघू की’. सायकल आली नाही. पुढं पन्नाशीपर्यंत कुणी बघू म्हटलं की माझ्या कपाळावर आठी यायची आणि मी एकच धरून बसायचो: हो का नाही ते सांगा. हा माझा रोखठोकपणा आहे, असं मला मनापासून वाटायचं. आता वाटत नाही.

जेऊरच्या बाजूला आमची दोन एकर केळी आहे. उजनीचं पाणी आल्यापासून करमाळा तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस झाला, मग केळी आली आणि आता इथला माल कंटेनरनं आखाती देशांत जातो. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पहिल्या कापणीचा सात-आठ टन माल तयार होता. एक खरेदीदार बाग बघून गेला, भाव अठरा रुपये बोलला. कापणी कधी, म्हटलं तर ‘बघू आण्णा, पुढल्या आठवड्यात.’ मी फोनवर आवाज चढवला. येणार का नाही, एक काय ते बोला. तो म्हणाला, ‘हो हो, येतो की.’ मला समाधान वाटलं. त्याच आठवड्यात दुसरा एकजण विचारायला आला, त्याला मी शब्द दिलाय म्हणून परत पाठवलं.

परदेशी जाणारी केळी पूर्ण भरायच्या आत कापावी लागतात. फळाच्या धारा बोटाला लागतात तोवरच ती पेटीत बसतात. धारा गेल्या, फळ गोल झालं, की ते वाटेतच पिकणार, म्हणून घेणारा हात लावत नाही. उन्हाळ्यात भरणी झपाट्यानं होते. मी दहा दिवस थांबलो. अकराव्या दिवशी सकाळी एका घडाच्या वरच्या फणीत दोन केळी पिवळी दिसली. तो माल गावच्या बाजारासाठी सात रुपयांनी गेला.

दोन वर्षं मी त्या माणसाला खोटारडा म्हणत होतो. त्याच्याकडं ‘हो’ नव्हतंच. ते मी त्याच्याकडून पिळून काढलं होतं, हे माझ्या ध्यानात यायला भाचीचा फोन यावा लागला.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला तिनं पुण्याहून विचारलं, ‘मामा, भाऊबीजेला तुम्ही येणार का? आई विचारतीय.’ माझ्या तोंडून सहज गेलं, ‘बघू गं.’ रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, दिवाळीची तिकिटं पटापट जातात, आणि जेऊरला प्रत्येक गाडी थांबत नाही. तिला उत्तर हवंच होतं. पण तिनं हो का नाही विचारलं नाही. म्हणाली, ‘कशावर अडलंय मामा?’ मी थांबलो. म्हटलं, कापणीवर. ‘मग कापणी कधी ते कधी कळंल?’ आठ दिवसांत, निसवण मोजली की. ‘ठीक आहे, पुढच्या रविवारी रात्री मी फोन करते. तोवर ठरलं नाही, तर आम्हीच जेऊरला येतो असं धरते.’

फोन ठेवला आणि मला कळलं, की मी टाळत नव्हतो, मला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं मला हो म्हणायला लावलं असतं तर ताईचं मन राखायला मी हो म्हटलं असतं, आणि ऐनवेळी गेलो नसतो. त्या माणसानंही माझ्याशी नेमकं हेच केलं होतं.

रविवारी बागेत फिरलो. केळफूल बाहेर पडलं, की त्या आठवड्याच्या रंगाची रिबीन आम्ही झाडाला बांधतो. निसवल्यापासून साधारण अकरा-बारा आठवड्यांनी घड कापायला येतो, थंडी पडली तर पंधरवडा जास्त. जुलैअखेरची तांबडी रिबीन सगळ्यांत जास्त झाडांवर होती. बारा आठवडे मोजले तर आकडा सरळ दिवाळीच्या आठवड्यावर येत होता. रात्री तिला सांगितलं, ‘मी येत नाही. तुम्ही या.’ एवढं स्वच्छ ‘नाही’ मी ताईला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

मग तीच रीत मी खरेदीदाराशी धरली. तोच माणूस, त्याला मीच परत फोन केला. तो म्हणाला, ‘बघू आण्णा.’ मी विचारलं, ‘कशावर अडलंय? कंटेनर, मजूर का माल?’ थोडा वेळ तो गप्प राहिला, मग बोलता झाला. एका कंटेनरला वीस टनांच्या आसपास माल लागतो. त्याच्याकडं बारा टनच जुळला होता. कमी माल घेऊन कंटेनर लावला तर भाडं अंगावर येतं, म्हणून तो कुणालाच तारीख देत नव्हता. म्हणजे त्याच्या ‘बघू’त आठ टनांची अडचण होती. माझा सहा टन होता, शेजारच्या बागेत दोन-अडीच निघत होता. शेजाऱ्याला विचारून मी ते जुळवून दिलं.

तरीही मी तारीख मागितली नाही. आधी केळीकडून उलटं मोजलं. धारा अजून नऊ दिवस राहतील असं बोटाला वाटत होतं. दुसरा घेणारा शोधून त्याची टोळी यायला चार दिवस लागतात, एक-दोन दिवस पावसापाण्याला. म्हणजे मी तीन दिवस थांबू शकत होतो, चौथा नाही. त्याला सांगितलं, ‘गुरुवारी संध्याकाळी सातला मीच फोन करतो. तोवर माल कुणाला दाखवत नाही. सातला ठरलं नाही तर मी मोकळा, राग मानू नका.’ यात धमकी नव्हती. माझी खरी अडचण होती आणि ती त्याला पटली.

गुरुवारी तो ‘येतो’ म्हणाला. पण नुसत्या शब्दावर मी आता जात नाही. खरा येणारा माणूस विचारतो: गाडी बांधापर्यंत येते का, पाणी कधी दिलंय, पेट्या भरायला सावली कुठं आहे. त्यानं ही तिन्ही विचारली. न येणारा फक्त ‘येतो की’ म्हणतो आणि घाईनं फोन ठेवतो.

हे सगळीकडं चालत नाही, हेही सांगायला हवं. पुतणीच्या स्थळाला मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणाले, तेव्हा मी कशावर अडलंय विचारायला निघालो होतो. बायकोनं हात धरला. तिथं ‘कळवतो’ म्हणजे नकार असतो, आणि कारण विचारलं तर पोरीच्याच वाट्याला चार वाईट शब्द येतात. तिचं बरोबर होतं. शिवाय कशावर अडलंय या प्रश्नाला तीनदा वेगवेगळं उत्तर आलं, तर मी ते नाहीच धरतो. यंदा एकजण सातऐवजी नऊला हो म्हणाला, तोवर माल दुसऱ्याला दिला होता. तो अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण पुन्हा तसंच करीन.

कापणी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यांना घेऊन स्टेशनवर उतरली. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, ‘दरवर्षी बघू म्हणायचास, मी दरवर्षी दोन ताटं जास्त वाढून ठेवायचे.’ हे मला माहीत नव्हतं. किती वर्षं, ते विचारायचं धाडस झालं नाही.