रविवारी लावून ठेवलेला आठवडा

गुलमंडीतल्या एका पैठणी-हिमरूच्या दुकानाचं इन्स्टाग्राम मी सांभाळतो. शेठचं मत पहिल्यापासून ठाम आहे, "अहो, संध्याकाळी सातलाच टाका. सातला सगळी दुनिया मोबाईलवर असते." त्यांचं खोटं नाही. फॉलोअर्स कधी ऑनलाइन असतात ते दाखवणारा आलेखही सात ते नऊमध्येच उंच चढतो. पण त्याच वेळी गावातलं प्रत्येक दुकान, हॉटेल आणि क्लास आपापली पोस्ट टाकत असतो. मोबाईल हातात असणं वेगळं आणि आपल्या साडीपाशी बोट थांबणं वेगळं. म्हणून आठवडा लावायच्या आधी मी आमच्याच जुन्या पोस्टींचा हिशेब उघडतो.

पहिली अडचण घड्याळाची. बाहेर काढलेल्या यादीतली वेळ आपली असेलच असं नाही. इन्स्टाग्रामच्या एपीआयमधून ती यूटीसीमध्ये येते, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. संध्याकाळी सातची पोस्ट तिथे 13:30 दिसते. साडेपाचातल्या त्या अर्ध्या तासाचा त्रास जास्त. आधी तासांचे गट पाडले आणि मग वेळ बदलली, तर साडेसहाची आणि सव्वासातची पोस्ट एकाच खान्यात जाते. म्हणून शीटमध्ये मजकूर म्हणून आलेली वेळ तारीख-वेळेत बदलून मी आधी ती पुढे सरकवतो, मगच तास काढतो: `=HOUR(A2+TIME(5,30,0))`. तरीही जिची वेळ पक्की ठाऊक आहे अशी एक पोस्ट शोधून ताडून पाहतोच.

मोजायचं काय? नुसते लाईक नाहीत. सेव्ह, शेअर आणि कमेंट यांची बेरीज करून ती पोस्ट जितक्या जणांपर्यंत पोचली त्या संख्येने भागतो. आठवड्याच्या आतल्या पोस्टी वगळतो, कारण त्यांचे आकडे अजून वाढत असतात. रील आणि फोटो वेगळे ठेवतो. दसरा-दिवाळीचे दिवसही बाजूला काढतो, त्या दिवसांत पहाटे चारला टाकलं तरी चालतं. आणि सरासरीऐवजी मध्यक घेतो, नाहीतर एखादं भरमसाट चाललेलं रील सगळ्या मंगळवारांना शहाणं ठरवतं.

आठवड्याचे तास 168. दुकानाच्या पोस्टी जेमतेम शंभर. तासागणिक पाहायला गेलं तर बहुतेक खाने रिकामेच. म्हणून सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार भाग करायचे. कामाचे दिवस आणि शनिवार-रविवार वेगळे. आठच खाने होतात, पण बहुतेकांत बोलण्याइतका माल असतो. तरी काही खाने हलकेच राहतात. समजा सकाळच्या खान्यात दोनच पोस्टी, प्रतिसाद 7 टक्के. रात्रीच्या खान्यात चौदा, प्रतिसाद 6 टक्के. आणि सगळ्यांचा मिळून 5. दोन पोस्टींवर विश्वास किती ठेवायचा? मी प्रत्येक खान्यात 5 टक्क्यांच्या सहा काल्पनिक पोस्टी मिसळतो. सकाळ येते (2×7 + 6×5) ÷ 8, म्हणजे 5.5. रात्र येते (14×6 + 6×5) ÷ 20, म्हणजे 5.7. रात्र पुढे गेली. सहाच का, याला शास्त्र नाही; खाते लहान असेल तर एवढा आकडा मला पुरतो.

काही गोष्टी या हिशेबात कधीच दिसत नाहीत. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या सकाळी येतं त्या सकाळी साडी बघायला कुणाला फुरसत? पण गल्लीगल्लीचा पाण्याचा दिवस वेगळा, त्यामुळे आकड्यांत तो विरघळून जातो.

शिवाय आपण पोस्ट टाकलीच नाही त्या वेळेबद्दल आकडे मुळात बोलूच शकत नाहीत. म्हणून आठवड्याच्या सात पोस्टींपैकी पाच चांगल्या खान्यांत लावतो आणि दोन मुद्दाम कमी वापरलेल्या वेळेला, दुपारी जेवणानंतर वगैरे. रविवारी मेटा बिझनेस सूटच्या प्लॅनरमध्ये सातही चढवून टाकतो.

चढवून झालं की खरी राखण सुरू होते. पैठणीचा नग एकच असतो. तो मंगळवारी विकला गेला आणि पोस्ट गुरुवारी आपोआप निघाली, तर सगळ्यात जास्त विचारणा नेमकी नसलेल्या साडीला येते; आणि पुढच्या हिशेबात गुरुवार झकास ठरतो. त्यावर उपाय साधा. प्रत्येक पोस्टीच्या नोंदीत नगाचा क्रमांक लिहायचा आणि दुकान बंद होताना विकलेल्या नगांची यादी मागवायची. गावात काही दुःखद घडलं, तर रांगेतल्या सगळ्या पोस्टी आधी थांबवायच्या, मग बाकीचं बघायचं.

आता रात्रीची वेळ. आमच्या आकड्यांतही ती पहिली आली, पण दुकान तोवर बंद झालेलं असतं आणि "किंमत काय?" हा प्रश्न सकाळपर्यंत थांबत नाही. सध्या शेठच्या सूनबाई घरून उत्तरं देतात, म्हणून बुधवारची पोस्ट नऊ चाळीसला लावलेली आहे. त्या दिवाळसणाला माहेरी निघाल्या की ती मी दुपारी हलवतो.