दूध बदलताना लोह विसरू नकोस

पंडरी, रायपूर

चि. सौ. भाचीस,


बाळाला वर्ष पूर्ण झाले, आता डब्याची पावडर बंद करून गाईचे दूध कसे सुरू करू, किती देऊ, असे तू विचारले आहेस. इतकी वर्षे लहान मुलांचा आहार पाहिल्यावर मी ठामपणे सांगते, दूध बदलणे अवघड नाही. दूध बदलल्यावर पावडरीतले लोह कुठून भरून काढायचे, ते आधी ठरवायला हवे.

तू पाठवलेल्या डब्याच्या फोटोत, तयार दुधाच्या १०० मिलीला १ मिग्रॅ लोह असे छापले आहे. बाळ दिवसाला २०० मिलीच्या चार बाटल्या पिते. म्हणजे ८०० मिलीतून ८ मिग्रॅ लोह. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरजही साधारण तेवढीच असते. गाईच्या दुधात मात्र अख्ख्या लिटरला फार तर अर्धा मिग्रॅ लोह असते. उद्या त्याच चार बाटल्या गाईच्या दुधाच्या दिल्यास तर बाळाचे पोट भरेल, वजनही वाढेल, पण लोह जवळजवळ शून्यावर येईल. शिवाय दुधातले कॅल्शियम आणि प्रथिने जेवणातले लोहही नीट शोषू देत नाहीत. आणि लिटरभर दुधातून साडेसहाशेच्या आसपास कॅलरी मिळतात. एवढ्या लहान जिवाची निम्म्याहून जास्त भूक त्यातच भागते, मग डाळभाताला जागा कुठून राहणार?

म्हणून मर्यादा पक्की लक्षात ठेव: दिवसाला ४०० ते ५०० मिली, त्याहून जास्त नाही. दही, खीर, दूधभात हे सगळे याच हिशेबात धरायचे. आपल्याकडे 'जेवला नाही तर निदान दूध तरी पिऊ दे' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. दूध मिळणार हे कळले की मूल जेवण सोडते.

इथल्या कापड बाजारामागच्या गल्लीतल्या एका मुलाचे सांगते. सोळा महिन्यांचा, दहा किलोचा, गुटगुटीत. दिवसाला २०० मिलीच्या पाच बाटल्या, त्यातल्या दोन रात्री झोपेत. घास दिला की तोंड फिरवायचा, पण कुंडीतली माती चाटायचा. सगळे त्याला गोरागोमटा म्हणत. मी त्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतली बाजू पांढुरकी होती, तळवेही फिके. इथल्याच जिल्हा रुग्णालयात रक्त तपासायला सांगितले. हिमोग्लोबिन ८.१ आले, तांबड्या पेशी आकाराने लहान आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन फक्त ५. वजन चांगले होते म्हणून कुणालाच शंका आली नव्हती.

डॉक्टरांनी किलोमागे ३ मिग्रॅ या हिशेबाने रोज ३० मिग्रॅ लोहाचे औषध दिले, सकाळी, दुधापासून दूर. शौचाला काळसर होईल, घाबरू नका, हेही सांगितले. रात्रीच्या बाटल्या बंद झाल्या आणि दूध कपाने ४०० मिलीवर आणले. पहिले काही दिवस रडारड झाली, मग तो जेवू लागला. महिन्याने हिमोग्लोबिन ९.६ झाले, म्हणजे औषध लागू पडले होते. तरीही औषध तीन महिने चालू ठेवले, कारण रक्त सुधारले तरी शरीरातला साठा भरायला वेळ लागतो. महिनाभर नीट औषध घेऊनही आकडा हलत नसेल, तर थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी लागते. छत्तीसगड आणि आपला विदर्भ, दोन्हीकडे सिकलसेल आढळतो. म्हणून लोहाचे औषध मनाने सुरू करू नकोस.

आता तुझ्या बाळाचे. आधी दुपारची बाटली बदल. उकळून कोमट केलेले दूध, पाणी आणि साखर न घालता, १५० मिली, कपातून. चव आवडली नाही तर तयार केलेल्या पावडरीच्या दुधात आधी चौथा हिस्सा, मग निम्मे गाईचे दूध मिसळ. पावडर मात्र नेहमी पाण्यातच कालवायची, गाईच्या दुधात कधीच नाही. ते फार दाट होते आणि बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. चार-पाच दिवसांनी सकाळची बाटली तशीच बदल. मग अकराची बाटली पूर्ण काढून त्या जागी जेवण दे. शेवटी रात्रीची, झोपण्यापूर्वी कपाने आणि नंतर दात पुसून. दोन-तीन आठवड्यांत दीडशेचे तीन कप उरतील, म्हणजे ४५० मिली. बाळाची पावडर साधी, गाईच्या दुधापासूनची आहे, त्यामुळे नवी अ‍ॅलर्जी निघण्याची शक्यता कमी. तरी अंगावर गांधी, वारंवार उलटी किंवा शौचात रक्त दिसले तर दूध थांबव आणि डॉक्टरांना दाखव. बद्धकोष्ठ झाला, तर आधी दुधाचे माप तपास.

पिशवीवर 'टोन्ड' लिहिलेले पाहून बिचकू नकोस. त्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाच्या जवळपासच. दीड टक्क्याचे 'डबल टोन्ड' मात्र दोन वर्षांपर्यंत नको. मोठ्या मुलांसाठी म्हणून विकतात ती महागडी पावडरही नको. वर्षानंतर तिची गरज नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे.

जेवणात लोह असे आण. मसूर किंवा मुगाच्या वरणावर लिंबू पिळ, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषले जाते. नाचणीचे सत्त्व दुधाऐवजी पाण्यात शिजव. अंडे रोज चालेल. तुमच्याकडे मांसाहार आहे, तर आठवड्यातून दोनदा मऊ खिमा दे. मांसातले लोह डाळी-पालेभाज्यांतल्यापेक्षा कितीतरी जास्त अंगी लागते. जेवणानंतर पेरूचा मऊ, बिया काढलेला गर दे. इथे त्याला बिही म्हणतात आणि मुले आवडीने खातात. दूध आणि जेवण यांत तास-दीड तासाचे अंतर ठेव. चहाचा घोटही नको.

आशाताई लोहाचे सरबत देतात, इथे मितानीन देते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली, त्यात २० मिग्रॅ लोह असते. ते टाळू नकोस. फक्त डॉक्टरांचे दुसरे लोहाचे औषध चालू असेल तर दोन्ही एकत्र देऊ नकोस. बाटली बाळाच्या हाती लागणार नाही अशी ठेव. लोह जास्त पोटात गेले तर विषबाधा होते.

पुढच्या लसीला जाशील तेव्हा हिमोग्लोबिनही तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली, छत्तीसगडची ६७.२. आपल्या घरी सगळे नीट खातात म्हणून ही तपासणी सोडू नकोस. आणि आजपासून बाळाचे दूध मापाच्या कपाने मोज.

तुझी,
मावशी