मुक्या पडद्यावरची मराठी

माणूस आवाज बंद करून चित्र पाहायला आता कुठे शिकला, असे कोणी म्हणाले की मला हसू येते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांनी मुकाच पाहिला. मधूनमधून पडद्यावर अक्षरांच्या पाट्या येत. वाचता न येणाऱ्यांसाठी थेटरात कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. पुढे १९३१ साली 'आलम आरा' बोलू लागला आणि पाट्या अडगळीत गेल्या. आता चित्रे बोलतात ती घटकाभरही न थांबता, आणि आपणच त्यांचे तोंड दाबून धरतो.

तसे का करतो, हे आमच्या कळंबच्या एसटी स्थानकात पाच मिनिटे उभे राहिले तरी समजते. तिथल्या गलक्यात मोबाईलचा आवाज ऐकूच येत नाही. घरी दुपारी सासरे आडवे झालेले असतात, सून ओट्याशी उभी राहून आवाज न करता पाहते. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही तीच रीत. आणि ज्यांना ऐकूच येत नाही त्यांचे काय? त्यांनी आवाज बंद केलेला नसतो. तो मुळी नसतोच. एवढ्या सगळ्यांसाठी चित्राखाली जी अक्षरे लिहायची, ती लिहिण्याचे एक शास्त्र आहे. मी मराठी शिकवणारा आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस; माझा त्या शास्त्राशी संबंध आला तो सोयाबीनमुळे.

माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो आणि फावल्या वेळात मोबाईलवर छोटे चित्रपट काढतो. पेरणीच्या आधी त्याने दोन मिनिटांचा एक चित्रपट तयार केला. घरचे सोयाबीन बियाण्यासाठी वापरायचे तर ते उगवते की नाही, हे कसे तपासावे? सरसकट शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, पोते गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलोचे नेहमीचे माप. पासष्टच उगवले तर सुमारे साडेबत्तीस किलो. हिशेब सोपा आहे, पण तो चुकला की शेत विरळ उगवते आणि दुबार पेरणीची पाळी येते.

"गुरुजी, खालच्या अक्षरांचं शुद्धलेखन तेवढं बघा," असे म्हणून त्याने चित्रपट माझ्यापुढे धरला. शुद्धलेखन ठीक होते. मी आवाज बंद करून तो पुन्हा लावला, आणि एका जागी थांबलो. खाली अक्षरे होती: 'सत्तरपेक्षा कमी उगवले तर नेहमीच्या मापाने पेरणी करू'. मग ती पाटी गेली आणि दुसरी आली: 'नका, बियाणे वाढवा'.

शेजारी एक शेतकरी बसले होते. ते म्हणाले, "हे तर पेरणी करू म्हणतंय की!"

त्यांचे काय चुकले? आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. 'करू' इथवर वाचले की ते आमंत्रण होते, पुढच्या 'नका'ने त्याची मनाई होते. बोलणाऱ्याच्या तोंडून 'करू नका' एका दमात येते, कानाला फट जाणवत नाही. पण अक्षरांची पाटी बदलताना फट पडते, आणि तेवढ्यात पाहणाऱ्याचा अंगठा चित्र पुढे सरकवतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधीच येऊन बसतो. वाक्य कापले तरी त्यांना बहुधा एवढा दगा होत नाही. मराठीत मात्र 'नका', 'नाही', 'नये' हे शब्द आधीच्या क्रियापदापासून तोडायचे नाहीत, हा पहिला नियम मानावा. 'शेतकऱ्याच्या' एका पाटीवर आणि 'मुलीला' पुढच्या पाटीवर, ही फारकतही वाईटच. पण तिने पीक बुडत नाही.

ही अक्षरे एका साध्या फायलीत लिहितात. वर पाटीचा क्रमांक, मग ती कधी यावी आणि कधी जावी ते तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाच्या हजारांशांत, आणि खाली मजकूर. आम्ही ती जागा अशी बदलली:

```
14
00:01:12,000 --> 00:01:16,000
सत्तरपेक्षा कमी उगवले?
नेहमीच्या मापाने पेरू नका.
```

दोन ओळी, चार सेकंद. दोनपेक्षा जास्त ओळी चित्र झाकतात. पाटी सेकंदभरही टिकली नाही तर नुसती लुकलुकते, आणि सातेक सेकंदांपुढे रेंगाळली तर डोळा ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो. किती मजकुराला किती वेळ द्यावा, हे यंत्राच्या मोजणीवर सोडू नये. यंत्र 'स्त्री' या शब्दाची सहा चिन्हे मोजते, कारण त्याच्या लेखी स, त, र, दोन हलन्त आणि वेलांटी ही सगळी निरनिराळी असतात. आपला डोळा तो शब्द एका घासात खातो. म्हणून मी आपला जुना शाळामास्तरी उपाय केला. नववीतल्या एका सावकाश वाचणाऱ्या मुलाला मनात वाचायला सांगितले आणि तो मान वर कधी करतो ते पाहिले.

आणखी एक घोटाळा होता, तो भाषेचा नव्हता. पांढरी अक्षरे काळ्या मातीवर छान उठत, पण पोते उन्हात पसरले की फिक्या तागावर नाहीशी होत, आणि नेमक्या त्याच वेळी दाणे मांडण्याची कृती चाललेली असे. अक्षरांमागे काळी पट्टी घातली. ओळींमध्ये थोडी जागाही सोडली, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. शेवटी ती अक्षरे चित्रातच पक्की छापून घेतली. वेगळी फाईल जोडून व्हॉट्सअॅपवर चित्रपट पाठवला, तर दुसऱ्या गावी चित्र तेवढे पोचते आणि फाईल मागे राहते.

कादंबरीत मी पात्राचे बोलणे पानभर लांबवतो. इथे निम्मे गाळावे लागले. 'तर मंडळी', 'आता बघा', 'म्हणजे काय तर' हे सगळे गेले. बोलणारा हे सारे म्हणतो ते श्वास घेण्यासाठी, आणि वाचणाऱ्याला त्याच्या श्वासाची गरज नसते. पोते झटकल्याचा आवाज कंसात लिहावा, असे माझ्या विद्यार्थ्याच्या मनात होते. मी नको म्हटले. झटकणे डोळ्यांना दिसतच होते. जो आवाज दिसत नाही आणि ज्यावाचून अर्थ अडतो, तेवढाच लिहावा.

पण गाळण्यालाही सीमा असते. दुरुस्त चित्रपट आम्ही त्याच शेतकऱ्यांना पुन्हा आवाजाविना दाखवला. या वेळी त्यांना माप बरोबर समजले. मग त्यांनी विचारले, "पोत्यावर पाणी एकदाच मारायचं का?" आम्ही आवाज सुरू करून पाहिले. बोलणारा 'आता बघा'च्या ओघातच सांगून गेला होता की पोते वाळू द्यायचे नाही, रोज पाणी शिंपडायचे. 'आता बघा'बरोबर माझ्या विद्यार्थ्याने तेही खोडले होते. चित्रात तर पाणी एकदाच दिसत होते.

त्याने तिथल्या तिथे एक पाटी वाढवली: 'पोते वाळू देऊ नका. रोज पाणी शिंपडा.' तिला तीन सेकंद दिले. शेतकऱ्यांनी ती वाचली, मान हलवली, आणि आपल्या मोबाईलवर चित्रपट मागून घेतला.