धबधबा कापला त्याची गोष्ट

हॉस्टेलवर माझी ओळख ‘कॅमेरेवाला’ अशी आहे. गॅदरिंगचं शूटिंग, सीनियर्सचा सेंड-ऑफ, सगळं माझ्याच गळ्यात! त्याच भांडवलावर गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत एक काम मिळालं. आमच्या जव्हार-मोखाड्यात वाडीचं काम करणारी एक संस्था आहे. उतारावरच्या जमिनीत आंबा-काजूची कलमं लावायची आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारं कुटुंब गावातच राहील असं बघायचं, हे तिचं काम. त्यासाठी पाड्यापाड्यांवर फिरणारे कार्यकर्ते लागतात. ‘आमच्याकडे कामाला या’ असं सांगणारी पाच मिनिटांची फिल्म त्यांना हवी होती.

आधीची एक फिल्म होतीच. तिच्यात दाभोसाचा धबधबा होता, बासरी होती आणि इस्त्रीचे शर्ट घातलेले कार्यकर्ते ‘ही संस्था म्हणजे माझं कुटुंबच’ असं एका सुरात म्हणत होते. ती बघून पोरं आली आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मी परत गेली. साहेब म्हणाले, “पोरांत दम नाही.” मला वाटलं, पोरांना पाऊस दाखवला, पण चिखल कुठे दाखवला?

मीही सुरुवात चुकीचीच केली. रात्रभर जागून संवाद लिहिले आणि एका ताईंच्या हातात कागद दिला. त्यांची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला धरलेल्या कागदावर डावीकडून उजवीकडे फिरत होती. ‘सर्वांगीण विकास’ म्हणताना तर त्या चक्क अडखळल्या. पढवलेलं बोलणं ओळखायची खूण हीच, की माणूस स्वतःच्या नसलेल्या शब्दापाशी अडखळतो.

मग कागद फाडला आणि नुसते प्रश्न लिहिले. ‘इथे काम करताना कसं वाटतं?’ असं विचारलं की उत्तर ‘छान वाटतं’ असंच येतं. म्हणून प्रसंग विचारायचे ठरवलं. काल सकाळपासून काय काय केलंत? सोडून जावं असं कधी वाटलं? मग का थांबलात? नवीन माणसाला पहिल्या महिन्यात काय जड जाईल? साहेबांना हात जोडून बाहेर बसवलं, कारण पगार देणारा समोर असताना दुसऱ्या प्रश्नाला कोण खरं बोलणार? आणि उत्तर संपल्यावरही मी मनात पाच आकडे मोजून गप्प राहायचो. खरी गोष्ट बहुतेक त्या शांततेनंतर यायची.

ताई म्हणाल्या, “पहिल्याच पावसात ओहोळाला पाणी आलं. मी पल्याड अडकले. एका घरी रात्र काढली, खूप रडले. बास, उद्या घरी जायचं, असं ठरवलं.” मी गप्प. एक... दोन... तीन... “सकाळी तिथली आजी बोलली, आलीस तर माझी कलमं तरी बघ. दोन कलमांना जोडाखालून रानटी फूट आलेली. ती वाढली तर वरचा आंबा मरतो. मी काढून दाखवली. मग निघवेना.”

स्क्रिप्ट लिहिली ती यानंतर. सगळं बोलणं वहीत उतरवलं आणि मधे रेघ मारून उजवीकडे आवाज, डावीकडे दृश्य असं जुळवलं. ‘पाणी आलं’ या वाक्यासमोर तोच ओहोळ, पण मे महिन्यातला कोरडा. पुराचं चित्र दुसरीकडून उसनं आणलं नाही. ‘फूट काढली’ यासमोर ताईंचे मातीने भरलेले हात. मात्र ‘जरा असं करून दाखवा’ म्हणायचं नाही. त्यांच्याबरोबर अख्खा दिवस चालायचं आणि काम चालू असताना कॅमेरा दहा सेकंद हलवायचा नाही, एवढंच. शेवटी पाटीवर पगार, रोजची चालाचाल आणि रेंज नसलेले पाडे.

साहेब बघून भडकले. “रडणं काढ! कोण येईल अशाने?” तेव्हा मी लायब्ररीत वाचलेली एक गोष्ट सांगितली. १९७३ साली जॉन वॅनस या अमेरिकन संशोधकाने टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी येणाऱ्यांना दोन वेगळ्या फिल्म दाखवल्या, एक नेहमीची गोडगोड आणि एक कामाच्या कटकटींसकट. कटकटीची फिल्म पाहिलेल्यांनीही नोकरी जवळपास तितकीच स्वीकारली, आणि पुढे सोडून जायचे विचार त्यांच्या मनात कमी आले.

साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताईंना विचार.”

ताईंनी फिल्म दोनदा पाहिली. घरच्या भांडणाचं एक वाक्य होतं, ते काढायला सांगितलं. मी लगेच काढलं, कारण ते त्यांचं होतं. रडणं मात्र त्यांनी ठेवलं. अर्थात ही फिल्मसुद्धा मालकाच्याच पैशाने झालेली. पगार अपुरा वाटतो का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, ते नाहीच झालं!

या पावसाळ्यात किती जण टिकतात ते दिवाळीत कळेल. धबधबा मात्र कापला. पाच मिनिटांत त्याला जागाच उरली नाही.