यादी आणि 'संबंधित'

बँकेत वीस वर्षं काढली, पण 'संबंधित' नावाचा इसम काही मला भेटला नाही. परिपत्रकाच्या शेवटी मात्र तो हटकून असतो : 'संबंधितांनी तजवीज करावी.'

नवा कारकून रुजू होताना या गृहस्थावर फारच भार पडतो. आमच्या शाखेत सोमवारी एक मुलगी यायची होती. तिच्या पहिल्या आठवड्याच्या सूचना कुठे कुठे होत्या म्हणता? नेमणूकपत्रात, दोन ई-मेलांत, मॅनेजरसाहेबांच्या मोबाईलवर आणि हेडकॅशियरांच्या तोंडात, सुपारीसकट. मी पडलो बी.कॉम., तेव्हा त्या जुळवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी एका ओळीत एकच काम असं सगळं उतरवलं. मग वार घालताना शेवटाकडून मागे आलो. शुक्रवारी तिने काउंटरवर पहिली एंट्री करायची. त्यासाठी संगणकाचा स्वतःचा आयडी हवा. आयडीला कर्मचारी क्रमांक हवा आणि क्रमांकाला रुजू-अहवाल मुख्य कार्यालयात पोचलेला हवा. म्हणजे शुक्रवारचं काम सोमवारी सकाळीच सुरू होतं! ई-मेलमध्ये मात्र आयडीची आठवण गुरुवारी होती. आयडी अडला की कुणीतरी कनवाळू आपला पासवर्ड देतो, 'बस बाळ, कर माझ्या नावावर.' मग पोरीच्या हातून शून्य जास्त पडलं, तर कागदोपत्री ते पाडणारा तो कनवाळू!

तेव्हा यादी अशी झाली. सोमवारी मूळ दाखले तपासणे, गुप्ततेचं प्रतिज्ञापत्र, रुजू-अहवाल रवाना. मंगळवारी पगाराचं खातं आणि वारसनोंद. क्रमांक येताच आयडीचा अर्ज. बुधवारी काउंटरमागे बसून नुसतं पाहणं. गुरुवारी आयडी, शुक्रवारी एंट्री. मंजुरी अर्थात अधिकाऱ्याची.

प्रत्येक कामापुढे एकच नाव घातलं आणि तो रजेवर असला तर दुसरं. 'लेखा विभाग' लिहून भागत नाही. विभाग खुर्चीवरून उठत नाही. हेडकॅशियर कुरकुरले, "माझं नाव कशाला? 'संबंधित' लिहा की!"

शेवटचा रकाना खुणेचा. 'अर्ज पाठवलाय' म्हणजे काम झालं नव्हे. तिने स्वतः लॉगिन करून पासवर्ड बदलला, की बरोबरची खूण. मुख्य कार्यालयावर आपला ताबा नाही, म्हणून तिथल्या कामापुढेही आपलाच माणूस लिहिला : बुधवारी अकराला फोन करणारा.

तो फोन झाला, तेव्हा कळलं की अहवालावर शिक्काच नाही. बुधवारीच शिक्का मारून तो पुन्हा पाठवला आणि आयडी आला शुक्रवारी दुपारी. तोवर पोरगी व्हाउचर लावत बसली होती. तीन वाजता तिने पहिली एंट्री केली, पाचशे रुपयांची. ती मात्र स्वतःच्या नावावर.