मीटरचा फोटो आणि ‘किती वापरलं?’



मीटरचा फोटो पाठवून ‘किती वापरलं सांग’ असं विचारणं म्हणजे आगगाडी आत्ता दौंडला उभी आहे एवढंच सांगून ‘मी किती प्रवास केला’ असं विचारणं. कुठून बसलीस ते सांगितल्याशिवाय उत्तर कसं देणार? पाण्याचं मीटर बसवल्या दिवसापासून पुढेच मोजत जातं. महिना संपला म्हणून ते शून्यावर येत नाही. फोटोत दिसतो तो आजवरचा एकूण आकडा, आणि वापर काढायला दोन आकडे आणि दोन तारखा लागतात. तरीही एका फोटोतून बरंच काही कळू शकतं. या जूनमध्ये इंदापूरच्या माझ्या धाकट्या नणंदेच्या बाबतीत काय झालं ते सविस्तर सांगते.

तिच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला वेगळं मीटर आहे. वापराप्रमाणे महिन्याला पाण्याची चिठ्ठी येते. ४ जूनच्या चिठ्ठीवर मागचं रीडिंग ३३१, चालू रीडिंग ३५५ आणि वापर २४ युनिट असं लिहिलं होतं. ६ तारखेला तिने मला मीटरचा फोटो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली, “वहिनी, आम्ही किती पाणी वापरलं?” भाच्याने तोवर आपल्या परीने वाचून टाकलं होतं. “मामी, साडेतीन लाख लिटर!” बिचारी नणंद घाबरली. भाच्याने आकडा तसा चुकीचा वाचला नव्हता, पण तो मीटर बसवल्यापासूनचा सगळा वापर होता.

आधी मीटरचा चेहरा कसा वाचायचा ते पाहू. आपल्याकडच्या घरगुती मीटरवर एका खिडकीत काळे आकडे असतात. ते घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि चिठ्ठीवरचा ‘युनिट’ सहसा हाच असतो. खिडकीखाली लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या असतात. त्यांच्याशेजारी ×०.१, ×०.०१, ×०.००१ असं लिहिलेलं असतं. पहिलीवर एक घर म्हणजे १०० लिटर, दुसरीवर १० लिटर, तिसरीवर १ लिटर. चौथी असली तर ती लिटरचा दहावा भाग दाखवते, आपल्याला तिची गरज नाही. काटा दोन आकड्यांच्या मधे असेल तर लहान आकडा घ्यायचा. तो ९ आणि ० यांच्या मधे असेल तर ९ घ्यायचा, कारण फेरी अजून पुरी झालेली नसते.

नणंदेच्या फोटोत काळे आकडे ००३४७ होते. पहिला लाल काटा ६ आणि ७ च्या मधे, दुसरा २ आणि ३ च्या मधे, तिसरा ८ वर. म्हणजे रीडिंग ३४७.६२८ घनमीटर.

आता वजाबाकी. ४ मेचं रीडिंग ३३१. पण चिठ्ठीवर फक्त काळे आकडे लिहितात, लाल सोडून देतात. त्या दिवशी मीटर ३३१.० वर असेल किंवा ३३१.९ वर, आपल्याला माहीत नाही. म्हणून ३४७.६ मधून एकदा ३३१ वजा करायचे आणि एकदा ३३२. उत्तर येतं १६.६ आणि १५.६. याचा अर्थ ४ मे ते ६ जून या ३३ दिवसांत तिच्या घरात साधारण साडेपंधरा ते साडेसोळा हजार लिटर पाणी लागलं. दिवसाला ४७५ ते ५०५ लिटर. घरात पाच माणसं, म्हणजे माणशी शंभराच्या आत-बाहेर. तुलनेसाठी सांगते, भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी सरकारी मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे आणि जलजीवन मिशनचा गावांसाठीचा ५५ लिटरचा. तिचा वापर उधळपट्टीचा नक्कीच नव्हता.

मी तिला असंच सांगितलं, “साडेपंधरा ते साडेसोळा हजार लिटर.” ‘१६ हजार ६२८’ असं सांगितलं असतं तर ऐकायला नेमकं वाटलं असतं, पण ते खरं नसतं. मागचा आकडा जेवढा ठोक, तेवढंच उत्तरही ठोक.

पण खरी गोम पुढे होती. चिठ्ठी म्हणत होती, ४ जूनला मीटर ३५५ वर होतं. फोटो म्हणत होता, ६ जूनला ते ३४७ वर आहे. मीटर मागे फिरत नाही. म्हणजे चिठ्ठीवरचा ३५५ हा आकडा या मीटरचा असूच शकत नव्हता.

मात्र हे म्हणायच्या आधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे फोटो कधी काढला. मोबाइलवर आलेल्या फोटोखाली पाठवल्याची वेळ दिसते, काढल्याची नाही. हा फोटो मेच्या शेवटी काढून ठेवलेला असता, तर ३४७ आणि ३५५ यांत काहीच विसंगती नव्हती. म्हणून मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोटो काढायला सांगितलं. त्या दिवशीचं वर्तमानपत्र मीटरशेजारी धर, काच ओल्या फडक्याने पूस, फ्लॅश लावू नको कारण काचेवर चमक येते, आणि मीटरवर कोरलेला नंबरही फोटोत येऊ दे. ७ जूनच्या फोटोत ३४८.११२ दिसलं. एका दिवसात ४८४ लिटर. आधीच्या हिशोबाशी अगदी जुळणारं, आणि ३५५ च्या अजूनही खालीच.

आता राहिली ३३१ ची खात्री. तोही आकडा दुसऱ्याच मीटरचा असेल तर? तिने जुनी चिठ्ठी शोधली. ४ एप्रिलचं रीडिंग ३१६ होतं. एप्रिल-मेच्या ३० दिवसांत १५ युनिट, म्हणजे दिवसाला ५०० लिटर. तीच चाल. म्हणजे ३१६, ३३१ आणि ३४७ हे तिन्ही आकडे एकाच मीटरचे वाटत होते, ३५५ तेवढा परका होता. शिवाय दिवसाला अर्धा युनिट धरला तर ४ जूनला तिचं मीटर ३४६ आणि काही लाल आकडे, एवढ्यावर असायला हवं होतं.

नणंद चिठ्ठ्या आणि फोटो घेऊन सेक्रेटरींकडे गेली. त्यांनी टॉर्च घेऊन जिन्याखालच्या पेटीतली मीटरं नंबर जुळवून पाहिली. पेटीत दोन मीटरं शेजारी-शेजारी आहेत. रीडिंग लिहिणाऱ्याने दोघांच्या ओळी उलटसुलट लिहिल्या होत्या. शेजाऱ्यांच्या चिठ्ठीवर चालू रीडिंग ३४६ निघालं, आम्ही काढलं होतं तेवढंच. त्यांचं मागचं ३३८ होतं, म्हणून त्यांना केवळ ८ युनिटची चिठ्ठी गेली होती. खरा वापर १७ निघाला. नणंदेचे २४ चे १५ झाले. शेजारच्या काकूंना जास्तीचे पैसे भरावे लागले, पण त्या एवढंच म्हणाल्या, “न दिलेलं घ्यायचं नाही म्हणतो ना आपण, मग पाणी तरी कसं घेऊ?”

हे वाचून तुम्ही आजच घरच्या मीटरचे दोन फोटो काढाल, तर त्याआधी तुमचं मीटर कुठे बसवलंय ते बघा. नणंदेच्या फ्लॅटचं मीटर गच्चीवरच्या टाकीनंतर आहे. नळ सोडला की ते फिरतं, म्हणून एका दिवसाचा फरकही खरा वापर दाखवतो. बारामतीच्या आमच्या घरी मीटर टाकीच्या आधी आहे. ते आम्ही वापरलेलं पाणी मोजत नाही, टाकीत पडलेलं मोजतं. आमच्या बाजूला नीरा डाव्या कालव्याचं पाणी, उन्हाळ्यात आवर्तन लांबलं की नळाला दिवसाआड पाणी येण्याची सवय सगळ्यांनाच आहे. अशा वेळी मधल्या दिवशी मीटर शून्य वापर दाखवेल आणि पाण्याच्या दिवशी दुप्पट. दोन्ही खोटे. उपाय सोपा आहे. टाकी पूर्ण भरून पाणी बंद झालं की पहिला फोटो, आणि आठवड्याने टाकी तशीच काठोकाठ भरली की दुसरा. भरलेल्या टाकीपासून भरलेल्या टाकीपर्यंत जेवढं आत आलं, तेवढंच मधल्या दिवसांत खर्च झालं. फक्त पाणी येण्याआधी नळीतली हवा सूं करून निघते, तेव्हाही मीटर फिरतं, त्यामुळे अशा ठिकाणचा आकडा थोडा जास्तच असतो.

गॅसच्या मीटरला ही टाकीची अडचण नाही, शेगडी पेटली तरच ते फिरतं. तिथेही काळे आकडे घनमीटरचे आणि स्वल्पविरामानंतरचे लाल आकडे त्याचे भाग, वजाबाकी तीच. ज्यांना सिलिंडरची सवय आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की १४.२ किलोच्या सिलिंडरएवढी उष्णता पाइपच्या साधारण सतरा-अठरा घनमीटर गॅसमध्ये असते. लाल आकडे चुकून काळ्यांना जोडून वाचले तर वापर हजारपट दिसतो!

शेवटी एक, जे एकाच फोटोत दिसत नाही. काट्यांच्या मधे एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते. थोडंसं पाणी गेलं तरी ती फिरते. रात्री घरातले सगळे नळ बंद करा आणि पाच मिनिटं तिच्याकडे पाहा. मीटर टाकीनंतर असेल आणि ती हळूहळू फिरत असेल, तर कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा फ्लशची टाकी. मीटर टाकीच्या आधी असेल तर पाणी येत असताना टाकीचा व्हॉल्व्ह हाताने बंद करून पाहा. तरीही चकती फिरली तर गळती मीटर ते टाकी या नळीत आहे. ती जमिनीखाली असते, म्हणून तिथली ओल डोळ्यांना उशिरा दिसते.