माळ्यावरची खोली

लेकीला दहावीसाठी वेगळी खोली हवी होती, म्हणून माळा रिकामा केला. आढ्याखाली उंची साडेसात फूट, कडेला जेमतेम तीन. मिस्त्री म्हणाला, "सर, रॉकवूलचा चार इंच थर भरू." पण वासेच चार इंच जाडीचे. तेवढं भरलं तर कौलांखाली हवेला जागा उरत नाही. वाशांखाली उतरवलं तर उंची जाते. म्हणून दोन इंच थर, वर दोन इंच पोकळी. वळचणीला आणि आढ्याला जाळी लावली. तापलेली हवा वरून निघून जाते. झोपायला उंची लागत नाही, म्हणून पलंग कडेला गेला. जिना मात्र आढ्याखालीच संपवला, नाहीतर शेवटच्या पायरीवर डोकं आपटलं असतं. शिडीवर भागवणार होतो. अम्मी म्हणाली, "सहरीला पोरगी अर्धवट झोपेत उतरेल, बेटा." कठडाही तिनेच लावून घेतला.